नव्या ब्रँडसाठी दहा चित्रं: आधी शॉट लिस्ट, मग प्रॉम्प्ट

समजा, कुडाळजवळच्या एका गावात एका कुटुंबाने कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला घट्ट रस, आणि आमसुलं विकायला काढली आहेत. आगळ अर्ध्या लिटरच्या काचेच्या बाटलीत, आमसुलं पाव किलोच्या पाकिटात. लेबल छापून झालंय, अन्न परवाना हाती आलाय आणि महिना ऑक्टोबरचा आहे. कोकम पिकतं एप्रिल-मेमध्ये, त्यामुळे झाडावर आत्ता फोटो काढायला एक फळ नाही. ऑनलाइन दुकान, व्हॉट्सॲपचा कॅटलॉग आणि इन्स्टाग्राम मात्र दिवाळीच्या आत उभं करायचंय.

अशा वेळी चित्र तयार करणारं एआय साधन खरोखर कामाला येतं. अडचण होते ती सुरुवातीच्या क्रमात. लोक साधन उघडतात, ‘कोकम सरबताचा सुंदर फोटो’ असं लिहितात, आलेलं चित्र पाहून आणखी एक मागतात. संध्याकाळपर्यंत फोल्डर भरतं, पण बॅनरला हवं तसं आडवं चित्र त्यात नसतं, आणि स्टोरीसाठी उभं निवडलं तर त्यात मजकुराला जागाच नसते. म्हणून साधन बंद ठेवून आधी कागदावर दहा ओळी लिहायच्या, हीच शॉट लिस्ट. प्रॉम्प्ट, म्हणजे साधनाला लिहून द्यायची सूचना, त्या ओळींतून निघतो, आणि ओळ नीट लिहिलेली असेल तर फार विचार न करता निघतो.

ओळीत काय असावं

प्रत्येक ओळीत चार गोष्टी लिहा. चित्र कुठे लागणार, ते पाहणाऱ्याच्या कोणत्या प्रश्नाला उत्तर देणार, चौकटीत नेमकं काय दिसणार, आणि त्यातलं काय खरंच असलं पाहिजे.

पहिली गोष्ट चित्राचा आकार ठरवते. कॅटलॉगला चौकोनी, इन्स्टाग्रामच्या पोस्टला ४:५, स्टोरीला ९:१६, संकेतस्थळाच्या माथ्यावर १६:९. चौकोनी चित्र कापून नंतर आडवं करता येतं, असं वाटतं खरं, पण तसं कापलं की बाटलीचं झाकण किंवा ताटाचा निम्मा भाग जातो. आकार आधीच ठरलेला बरा.

दुसरी गोष्ट लोक सर्वांत जास्त विसरतात. पुण्यातला किंवा नागपुरातला गिऱ्हाईक बाटली पाहतो तेव्हा त्याच्या मनात साधे प्रश्न असतात. हे नक्की काय आहे? केवढी बाटली आहे? घरी नेल्यावर याचं करायचं काय? कोण बनवतं? ज्या चित्राला यातला एकही प्रश्न लागू होत नाही, ते यादीतून काढून टाका, कितीही देखणं सुचलेलं असो.

तिसरी गोष्ट पुढे प्रॉम्प्ट लिहिताना येईलच. चौथी गोष्ट म्हणजे खरेपणा. विकायची वस्तू, ती बनवणारी माणसं आणि ती बनते ती जागा या तीन गोष्टी कॅमेऱ्यानेच टिपायच्या. यंत्राने बनवलेल्या बाईच्या चित्राखाली ‘आमच्या काकू’ लिहिणं किंवा कुठल्याच गावात नसलेल्या अंगणाखाली ‘आमचं वाळवण’ लिहिणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूदही आहे. उलट सोलकढीची वाटी, सरबताचा पेला, कढईतली आमटी ही ‘असं करता येतं’ सांगणारी चित्रं आहेत. ती तयार करून घ्यायला हरकत नाही, फक्त पदार्थ खरोखर दिसतो तसाच दिसला पाहिजे.

आपली यादी

या चार गोष्टी धरून आगळाच्या ब्रँडची यादी अशी होते.

१. आगळाची बाटली, समोरून, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. ऑनलाइन दुकान, चौकोनी. ‘हे काय आहे?’ कॅमेरा.

२. बाटली एका बाजूला, शेजारी फळं, दुसरी बाजू मजकुरासाठी रिकामी. संकेतस्थळाचा बॅनर, १६:९. ‘कशाचा ब्रँड आहे?’ बाटली कॅमेऱ्याची, बाकी एआय.

३. पिकलेली कोकमं, एक कापलेलं. पोस्ट, ४:५. ‘हे कशापासून होतं?’ एआय.

४. अंगणात वाळत घातलेली आमसुलं. पोस्ट आणि संकेतस्थळ, ४:५. ‘कसं बनतं?’ कॅमेरा.

५. हातात धरलेली बाटली. कॅटलॉग, चौकोनी. ‘केवढी आहे?’ कॅमेरा.

६. सोलकढी. पोस्ट, ४:५. ‘याचं करायचं काय?’ एआय.

७. कोकम सरबत. पोस्ट, ४:५. तोच प्रश्न, कोकणाबाहेरच्या गिऱ्हाइकासाठी. एआय.

८. माशाची आमटी, बाजूला आमसुलं. पोस्ट, ४:५. ‘आमसुलांचं काय करायचं?’ एआय.

९. बनवणारी माणसं, कामात असताना. ‘आमच्याविषयी’चं पान, ४:५. ‘कोण बनवतं?’ कॅमेरा.

१०. जवळजवळ रिकामी पार्श्वभूमी. स्टोरी, ९:१६. सवलत, नवा साठा, सुट्टीची सूचना यांच्या मजकुरासाठी. एआय.

चार चित्रं कॅमेऱ्याची, पाच एआयची, एक मिश्र. फळांचा हंगाम असता तर तिसरंही मी कॅमेऱ्याकडेच दिलं असतं. मसाल्याचा, साबणाचा किंवा साड्यांचा ब्रँड असेल तर ओळी बदलतील, पण वस्तू, आकार, कच्चा माल, प्रक्रिया, वापर, माणसं आणि मजकुराची जागा हे खण बहुधा तेच राहतात. वापराला इथे तीन ओळी दिल्या आहेत, कारण आगळ हे अनेकांना फक्त नावाने माहीत असतं आणि विक्री अडते ती तिथेच.

दहाही चित्रं एका घरची वाटावीत म्हणून

प्रॉम्प्ट लिहायच्या आधी एक छोटा परिच्छेद तयार करायचा, जो प्रत्येक प्रॉम्प्टच्या शेवटी शब्दशः चिकटवायचा. त्यात उजेड, खालचा पृष्ठभाग आणि मागची भिंत एवढंच असावं. हे न केल्यास एक चित्र स्टुडिओतलं, दुसरं जंगलातलं आणि तिसरं हॉटेलातलं येतं, आणि इन्स्टाग्रामचं पान तीन वेगळ्या दुकानांचं वाटू लागतं.

पृष्ठभाग निवडताना वस्तूचा रंग पाहायचा. कोकणातलं म्हणून जांभा दगड पटकन सुचतो, पण जांभ्याचा तांबूस रंग आणि कोकमाचा गडद लाल रंग शेजारी आले की फळ उठून दिसत नाही. स्वयंपाकघरातला काळा कडप्पाही सुचतो. त्यावर आगळाची बाटली जवळजवळ अदृश्य होते, कारण आगळ काचेत काळपट लालच दिसतं. म्हणून फिकट आणि लालाच्या कुळात न जाणारा पृष्ठभाग हवा. जुन्या सागाचा पाट आणि मागे चुन्याची पांढरी भिंत हे जमतं. हिरवा रंग हवाच असेल तर केळीच्या पानाचा एखादा कोपरा पुरतो. पूर्ण पान पसरलं की प्रत्येक चित्र सणाचं वाटतं.

हे ठरल्यावर सामायिक परिच्छेद असा होतो:

```
डावीकडच्या खिडकीतून येणारा सकाळचा मऊ उजेड,
उजवीकडे हलकी सावली. खाली जुन्या सागाचा फिकट
तपकिरी पाट, मागे चुन्याची साधी पांढरी भिंत.
खऱ्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोसारखं, रंग नैसर्गिक.
```

उजेड डावीकडून, हे दोन शब्द सगळ्यांत मोलाचे. कॅमेऱ्याची चित्रंही शक्य तिथे याच बाजूच्या खिडकीशी, याच पाटावर काढायची. तरच दुसऱ्या ओळीतली खरी बाटली बनवलेल्या पार्श्वभूमीत खपून जाते.

ओळीचा प्रॉम्प्ट करताना

ओळीतले जे शब्द डोळ्यांना दिसत नाहीत ते आधी काढायचे. ‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘प्रीमियम’, ‘घरगुती’ हे शब्द माणसाला कळतात, पण चित्र बनवणाऱ्या यंत्राला त्यातून काय दाखवायचं ते ठरवावं लागतं. मग ते जे सर्वाधिक पाहिलंय तेच दाखवतं. ‘पारंपरिक भारतीय’ म्हटलं की बहुधा पितळेची भांडी, झेंडूची फुलं, पणत्या आणि पिवळाधमक उजेड येतो. ‘कोकण’ म्हटलं की नारळाची झाडं आणि पाणी येतं, जे केरळचंही असू शकतं. ‘घरगुती’ म्हणायचं असेल तर घरात जे दिसतं ते लिहा: स्टीलची वाटी, पाट, कोपऱ्यात घडी घातलेला सुती पंचा.

मग क्रम ठेवायचा. आधी मुख्य वस्तू आणि तिचं वर्णन, मग तिच्या शेजारी काय, मग किती जवळून आणि कुठल्या कोनातून, मग रिकामी जागा कुठे, मग सामायिक परिच्छेद, शेवटी आकार. चॅटजीपीटी आणि जेमिनीसारख्या साधनांना मराठी कळतं, त्यामुळे खालचे प्रॉम्प्ट मराठीतच दिले आहेत. मिडजर्नी या साधनाला मात्र इंग्रजी दिलेलं बरं, त्याचा एक नमुना पुढे आहे.

आता तिसरी ओळ घेऊ, कारण एआयची खरी परीक्षा तिथे आहे.

‘पिकलेली कोकमं, एक कापलेलं’ एवढंच लिहिलं की अनेकदा आलुबुखार येतं: गुळगुळीत फळ, आत पिवळा गर आणि एकच बी. कधी मँगोस्टीन येतं, कारण ते कोकमाच्याच कुळातलं आहे आणि त्याचे फोटो जगभर खूप आहेत. मग जाड साल, वर हिरव्या पाकळ्यांचा टोप आणि आत लसणीच्या पाकळ्यांसारखा पांढराशुभ्र गर दिसतो. कोकम न पाहिलेल्या माणसाला दोन्ही चित्रं छान वाटतील. कुडाळचं गिऱ्हाईक मात्र पहिल्या नजरेत ओळखेल आणि ब्रँडवरचा विश्वास तिथेच जाईल.

यावर उपाय म्हणजे नावावर न विसंबता फळाचं रूप लिहायचं. पिकलेलं कोकम लहान लिंबाएवढं असतं, गोल, गडद जांभळट लाल. कापलं की रसाळ लाल साल आणि मधोमध बियांना चिकटलेला पांढरट, ओला गर दिसतो. बिया साधारण पाच ते आठ. हेच शब्द प्रॉम्प्टमध्ये घालायचे:

```
लहान लिंबाएवढी, गोल, गडद जांभळट लाल रंगाची
कोकमाची सात-आठ फळं बांबूच्या टोपलीत. समोर एक
फळ आडवं कापलेलं: पातळ रसाळ लाल साल, आत
पांढरट ओला गर, त्यात अनेक चपट्या बिया. पाटावर
लाल रसाचे दोन डाग. फळांच्या उंचीवरून, जवळून.
[सामायिक परिच्छेद]
आकार ४:५, उभं.
```

तरीही आलुबुखार येत राहिलं, तर गावातल्या कोणाच्या मोबाइलमध्ये गेल्या मे महिन्यातला कोकमांचा फोटो आहे का ते विचारा. बहुतेक वेळा असतो. तो धूसर असला तरी चालेल. साधनाला तो संदर्भ म्हणून द्या आणि ‘फळाचा आकार, साल आणि आतला गर या फोटोतल्यासारखाच ठेव, फक्त मांडणी आणि उजेड पुढीलप्रमाणे’ असं लिहा. दुर्मीळ वस्तूच्या बाबतीत दहा ओळींच्या वर्णनापेक्षा एक साधा फोटो जास्त काम करतो.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. साल, टोपली आणि कोन तिन्ही एकदम बदलले आणि चित्र सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही. पुढच्या चित्राला मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

सोलकढी, सरबत, आमटी

सोलकढीची चूक वेगळ्या जातीची. गुलाबी आणि पेला एकत्र आले की यंत्र स्ट्रॉबेरी मिल्कशेककडे धाव घेतं: वर फेस, आत स्ट्रॉ, काठावर फळाची चकती. खरी सोलकढी पातळ, फिकट गुलाबी, किंचित जांभळसर, वरून सपाट आणि त्यावर चिरलेली कोथिंबीर. ती उंच काचेच्या पेल्यात नाही, तर स्टीलच्या वाटीत किंवा पेल्यात येते. भांडं बदललं की अर्धी चूक आपोआप जाते.

‘स्ट्रॉ नको, फेस नको’ असं लिहायचा मोह होतो. काही साधनं ‘नको’ नीट पाळतात, काही ‘स्ट्रॉ’ हा शब्दच धरून स्ट्रॉ चितारून ठेवतात. म्हणून शक्य तिथे जे हवंय तेच लिहा: ‘वरचा थर सपाट आणि शांत’. मिडजर्नीत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी सोय आहे, तिथे ती वापरा:

```
thin pale pink-mauve coconut drink with a flat
still surface, in a plain stainless steel tumbler,
chopped coriander floating on top, small steel bowl
of dark red liquid beside it, 45 degree angle,
soft window light from the left, old teak board,
whitewashed wall --ar 4:5 --no straw, foam, ice
```

बाजूच्या छोट्या वाटीतलं गडद लाल द्रव म्हणजे आगळ. ते मुद्दाम ठेवलंय, कारण नाहीतर हे चित्र कुठल्याही खानावळीचं होऊ शकतं. वापराच्या प्रत्येक चित्रात विकायची वस्तू कुठल्या ना कुठल्या रूपात दिसलीच पाहिजे, पण बाटलीच्या रूपात नको, कारण बाटली यंत्राने बनवायची नाही हे ठरलंय.

सरबताचं चित्र सोपं आहे. काचेचा साधा पेला, पारदर्शक लाल पाणी, वर जिरेपूड, पेल्यावर गारव्याचे थेंब. इथे काच चालते, कारण रंगच तर दाखवायचाय. फक्त ‘पारदर्शक’ हा शब्द विसरू नका, नाहीतर टोमॅटोच्या रसासारखं घट्ट काहीतरी येतं.

माशाची आमटी करताना मासा नावाने आणि कापाने लिहा. ‘फिश करी’ म्हटलं की बिनकाट्याचे पांढरे चौकोनी तुकडे येतात. बांगड्याची आमटी हवी असेल तर आडवे कापलेले, कातडीसकट असलेले, पाठीवर काळपट निळ्या रेषा असलेले तुकडे असं सांगावं लागतं. रस्सा नारळाचा, नारिंगी लाल. बाजूला आमसुलं: काळपट लाल, चिवट, चुरगळलेल्या सालींचे तुकडे. ‘वाळवलेलं कोकम’ म्हटलं तर यंत्र मनुका किंवा खजूर दाखवू शकतं, म्हणून ‘चपट्या, अर्ध्या वाटीसारख्या वळलेल्या साली’ असं लिहा.

```
मातीच्या खोलगट भांड्यात नारिंगी लाल नारळाच्या
रश्शातली बांगड्याची आमटी. माशाचे आडवे कापलेले,
कातडीसकट तुकडे, पाठीकडे काळपट निळ्या रेषा.
शेजारी स्टीलच्या ताटलीत काळपट लाल, चिवट,
चपट्या वळलेल्या वाळक्या साली. थोडं वरून, तिरकं.
[सामायिक परिच्छेद]
आकार ४:५, उभं.
```

बॅनर: खरी बाटली, बनवलेली जागा

दुसरी ओळ सर्वांत जास्त वेळ घेते आणि तिच्यावर तो द्यावा. यंत्राला संपूर्ण चित्र बाटलीसकट बनवायला सांगितलं की लेबलवरची देवनागरी अनेकदा बिघडते. मात्रा सरकतात, जोडाक्षरं तुटतात, कधी अक्षरासारखी दिसणारी पण अक्षर नसलेली चिन्हं येतात. इंग्रजी अक्षरं आजकाल बरीच नीट येतात, मराठीचा भरवसा अजून धरता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे यंत्र आपल्या मनाने लेबलवर शिक्के आणि चिन्हं घालतं. शाकाहाराचं हिरवं चिन्ह किंवा अन्न परवान्याचा क्रमांक हे कायद्याचे मजकूर आहेत, ते कुठल्याही चित्रात यंत्राने रेखाटलेले असता कामा नयेत.

म्हणून प्रॉम्प्ट फक्त जागेचा लिहायचा आणि बाटली नंतर बसवायची:

```
फ्रेमच्या उजव्या तिसऱ्या भागात पाटावर कोकमाची
पाच फळं [तिसऱ्या प्रॉम्प्टमधलं वर्णन] अर्धगोलात
मांडलेली, मधे एका बाटलीएवढी मोकळी जागा.
डावीकडचा दोन तृतीयांश भाग रिकामा, फक्त भिंत.
कॅमेरा पाटाच्या उंचीवर, सरळ समोरून.
[सामायिक परिच्छेद]
आकार १६:९, आडवं.
```

‘कॅमेरा पाटाच्या उंचीवर, सरळ समोरून’ ही ओळ मुद्दाम आहे. पहिल्या ओळीतली बाटली समोरून काढलेली आहे. पार्श्वभूमी वरून पाहिलेली असेल तर त्यावर समोरून काढलेली बाटली हवेत तरंगते. कॅनव्हा किंवा फोटोशॉपमध्ये बाटलीची पार्श्वभूमी काढून ती जागेवर ठेवली की तीन गोष्टी तपासा. सावली उजवीकडे पडतेय का, बाटलीचा तळ पाटाला टेकलेला दिसतोय का, आणि शेजारचं फळ बाटलीच्या मानाने योग्य आकाराचं आहे का. अर्ध्या लिटरच्या बाटलीशेजारी कोकम संत्र्याएवढं दिसलं तर बाटली खेळण्यातली वाटते.

काही साधनं बाटलीचा फोटो दिल्यावर तीच बाटली नव्या जागेत मांडून देतात. करून पाहायला हरकत नाही, पण आलेलं चित्र खऱ्या फोटोशेजारी ठेवून मोठं करा. झाकणाचा रंग, द्रव कुठपर्यंत भरलंय, लेबलची कड आणि लेबलवरचं प्रत्येक अक्षर बघा. यातलं काही थोडंही बदललं असेल, तर खरं लेबल वरून पुन्हा बसवा.

कॅमेऱ्याच्या चार ओळी

इथे प्रॉम्प्ट म्हणजे फोटो दिल्यानंतर करायची दुरुस्ती. त्यात ‘काय बदलू नको’ हे ‘काय बदल’ यापेक्षा ठळक लिहावं लागतं. पहिल्या ओळीसाठी:

```
या फोटोतली बाटली, लेबल, झाकण आणि द्रवाचा रंग
जसाच्या तसा ठेव. फक्त पार्श्वभूमी पूर्ण पांढरी कर.
बाटली मधोमध, सरळ उभी. आकार चौकोनी.
```

ॲमेझॉनवर विकणार असाल तर मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे रंगाच्या आकड्यांत २५५, २५५, २५५ लागते, आणि वस्तूने चौकटीचा निदान ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. चित्राची लांब बाजू १००० पिक्सेलपेक्षा मोठी असेल तर गिऱ्हाइकाला ते मोठं करून पाहता येतं. ‘पांढरं’ सांगूनही यंत्र कधी फिकट राखाडी देतं आणि पडद्यावर ते कळत नाही. कुठल्याही चित्रसंपादकात कोपऱ्यावर रंग मोजून घ्या.

हातातल्या बाटलीचा फोटो सावलीत, खिडकीशी काढा आणि यंत्राकडून फक्त मागचा पसारा काढून घ्या. बोटांना हात लावू देऊ नका. हाताची दुरुस्ती करताना कधी बोटं वाढतात किंवा विचित्र वाकतात.

वाळवण आणि माणसं या दोन फोटोंत मी उजेड सारखा करणं आणि कापणं यापलीकडे काही करू देत नाही. मागची निळी ताडपत्री खुपत असेल तर फोटो काढण्याआधी ती उचला. ऑक्टोबरात आमसुलांचं वाळवण नसेल, तर गेल्या हंगामाचे मोबाइलमधले फोटो शोधा किंवा चौथी ओळ तात्पुरती बदला: बरणीतून आगळ गाळणं, बाटल्या भरणं, लेबल लावणं. ही कामं आत्ता चालू आहेत आणि ‘कसं बनतं?’ या प्रश्नाचं काही उत्तर त्यांतही आहे. यादी बदलली तरी चालते, खोटं वाळवण बनवलेलं चालत नाही.

दहावी ओळ आणि शेवटची तपासणी

स्टोरीच्या पार्श्वभूमीला लोक फार थोडा वेळ देतात, आणि वर्षभर सर्वांत जास्त वापरलं जातं ते हेच चित्र. त्यात तपशील जवळजवळ नकोच: वर चुन्याची भिंत, खालच्या कडेला पाटाची पट्टी आणि त्यावर एखाददुसरी आमसुलं. १०८० × १९२० पिक्सेलच्या स्टोरीत वरचे आणि खालचे साधारण २५० पिक्सेल नाव, उत्तराची चौकट आणि बटणांखाली जातात. म्हणून वस्तू अगदी तळाशी न ठेवता थोडी वर घ्यायला सांगा.

```
उभी फ्रेम. वरचा तीन चतुर्थांश भाग फक्त साधी पांढरी
भिंत, कोणतीही वस्तू नाही. तळापासून थोडं वर पाटाची
कड, त्यावर काळपट लाल, चपट्या वळलेल्या दोन-तीन
वाळक्या साली.
[सामायिक परिच्छेद]
आकार ९:१६.
```

दहाही चित्रं झाली की ती एका पडद्यावर, छोट्या चौकोनांत शेजारी मांडा. एकेक पाहताना न दिसलेल्या गोष्टी इथे दिसतात. सावली एका चित्रात डावीकडे गेलीय, एका भिंतीला निळसर झाक आलीय, सरबताचा लाल आणि बाटलीतला लाल वेगळा आहे. रंगातला फरक संपादकात दुरुस्त होतो. चुकलेली सावली सहसा होत नाही, ते चित्र पुन्हा बनवावं लागतं.

मग ती चित्रं ज्यांनी कोकम हाताळलंय अशा दोघा-तिघांना दाखवा. ‘आवडलं का?’ असं विचारू नका. ‘यात काय चुकलंय?’ असं विचारा. वर्षानुवर्षं सोलकढी करणारी बाई त्यातली चूक क्षणात सांगते.

स्टॉलसाठी मोठा फलक छापायचा असेल तर छपाईवाल्याला आकार विचारून घ्या. ए३ आकाराला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात आणि बरीच साधनं त्याहून पुष्कळ लहान चित्र देतात. फलकासाठी कॅमेऱ्याचा मूळ फोटो, म्हणजे पहिली किंवा पाचवी ओळ, वापरणं सोयीचं पडतं.

शेवटी प्रत्येक चित्राचं नाव यादीतल्या क्रमांकाने ठेवा आणि त्याच नावाच्या मजकूर-फाइलमध्ये अंतिम प्रॉम्प्ट, वापरलेलं साधन आणि तारीख लिहून ठेवा:

```
03-kokam-phal-4x5.jpg
03-kokam-phal-4x5.txt
```

एप्रिलमध्ये पहिली फळं उतरतील तेव्हा तिसऱ्या ओळीसाठी टोपली, पाट आणि डावीकडची खिडकी तयार असेल. त्या प्रॉम्प्टचीच मांडणी समोर ठेवून खरा फोटो काढा आणि ०३ क्रमांकाची फाइल बदला.